रोजची कॉपी-पेस्ट थांबवून आपोआप सिंक: मॅनेजरला द्यायचा प्रस्ताव, पायरीपायरीने

एका शीटमधल्या ओळी उचलून दुसऱ्या शीटमध्ये टाकणं हे काम बहुतेक टीममध्ये कोणी ना कोणी रोज करत असतं. ते आपोआप होऊ शकतं हेही सगळ्यांना माहीत असतं. तरी प्रस्ताव मांडला की उत्तर येतं, "चांगलं आहे, बघू." आणि विषय तिथेच राहतो.

याचं कारण बहुतेक वेळा प्रस्तावातच असतं. आपण वेळ किती वाचेल आणि कोणतं साधन वापरायचं ते लिहितो, पण मॅनेजरच्या मनातले प्रश्न वेगळे असतात. आकडे चुकीचे आले तर मला कधी कळणार? तुम्ही रजेवर असताना हे बंद पडलं तर कोण बघणार? आज या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे, कारण एक माणूस रोज शीट उघडून डोळ्यांनी बघतो. तो माणूस मधून काढायचा असेल, तर ही दोन्ही उत्तरं प्रस्तावात आधीच हवीत. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. विक्रीच्या तीन टीम आहेत आणि प्रत्येकीची स्वतःची ऑर्डर शीट आहे. रोज सकाळी एक सहकारी तिन्ही शीटमधल्या नव्या ओळी "एकत्रित ऑर्डर" नावाच्या शीटमध्ये चिकटवते. माल पाठवणारी टीम ती शीट उघडून काम करते आणि शेजारच्या कॉलममध्ये आपले शेरे लिहिते. साधन म्हणून गुगल शीट्स आणि शीटमधली कामं आपोआप करणारा छोटा कोड लिहायची त्यातली सोय, म्हणजे अ‍ॅप्स स्क्रिप्ट, धरली आहे. तुमच्याकडे एक्सेल असेल तरी प्रस्तावाचा ढाचा हाच राहतो. फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- स्रोत शीट आणि एकत्रित शीट, दोन्हींची आजची प्रत (मूळ फाइलवर प्रयोग करू नका)
- कॉलमची जोडणी: स्रोतातला कोणता कॉलम एकत्रित शीटमध्ये कुठे जातो
- प्रत्येक शीट कोण बदलू शकतं, याची यादी
- एका आठवड्याची नोंदवही (दुसऱ्या पायरीत सांगतो)
- कॉपी करणाऱ्या सहकाऱ्याचा निवांत एक तास

यादीतली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सुरुवात तिथूनच करा.

## 1. कॉपी करणाऱ्याच्या शेजारी बसा

"रोज काय करतेस?" असं विचारलंत तर "काही नाही, कॉपी करून पेस्ट करते" एवढंच उत्तर मिळेल. म्हणून विचारू नका, ती काम करत असताना शेजारी बसून बघा. ती नुसतं चिकटवत नसते, प्रत्येक ओळीवर छोटे छोटे निर्णय घेत असते. सवयीमुळे ते तिच्याही लक्षात येत नाहीत.

आपल्या उदाहरणात काय दिसेल ते बघा. संख्येच्या कॉलममध्ये एका टीमने "12 नग" असं लिहिलंय, ती "नग" पुसते. दुसऱ्या टीमने काही ओळी लाल केल्यात. लाल म्हणजे ऑर्डर रद्द, हे तिला माहीत आहे, म्हणून त्या ओळी ती वगळते. तिसऱ्या शीटमध्ये कोणीतरी मधेच एक ओळ घुसवलीय, तीही ती शोधून घेते. एका ऑर्डरची संख्या 1200 दिसते. हा ग्राहक नेहमी 12 मागवतो, म्हणून ती फोन उचलून विचारते.

तारखांकडे मुद्दाम लक्ष ठेवा. "03/04" म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे शीटच्या लोकेल सेटिंगवर, म्हणजे तिथे कोणता देश निवडलाय त्यावर, ठरतं. दोन फाइलींची सेटिंग वेगळी असेल तर काही तारखा गुपचूप उलट्या होतात. "13/04" सारखी तारीख उलटी वाचताच येत नाही, म्हणून ती साधा मजकूर होऊन बसते. माणूस हे बघून दुरुस्त करतो. स्क्रिप्टला नियम दिला नाही तर ती चुकीची तारीखच पुढे नेते.

दिसलेला प्रत्येक निर्णय लिहून घ्या आणि त्यापुढे तीनपैकी एक खूण करा. पहिली, नियमाने होईल: "नग" काढणं या गटात येतं. दुसरी, स्रोतातच बदल हवा: लाल रंगाऐवजी "स्थिती" असा कॉलम आणि त्यात "चालू" किंवा "रद्द" निवडायची ड्रॉपडाउन. रंग वाचणारी स्क्रिप्ट लिहिता येते, पण लिहू नका. लालची दुसरी छटा वापरली की ती चुकते. तिसरी, माणसानेच बघायला हवं: 1200 ची ऑर्डर या गटात येते. सिंकने अशी ओळ पुढे न ढकलता "तपासा" नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये टाकावी.

ही तीन खुणांची यादी प्रस्तावासोबत जोडायची आहे. काम तुम्हाला किती खोलवर कळलंय हे मॅनेजरला तिच्यावरूनच समजतं. आणि ही यादी जिच्यामुळे झाली त्या सहकारीचं नाव प्रस्तावावर तुमच्या नावासोबत असू द्या. तिच्या पाठीमागे केलेला प्रस्ताव तिला आपली जागा जाण्याची चाहूल वाटतो. मग पाचव्या पायरीत येणाऱ्या समांतर चाचणीत मनापासून मदत मिळत नाही, आणि तिच्या मदतीशिवाय ती चाचणी पार पडत नाही.

## 2. आठवडाभर नोंद ठेवा

एक साधी शीट करा. कॉलम एवढेच: तारीख, सुरुवात, शेवट, किती ओळी, काय चुकलं, ते कधी आणि कोणाच्या लक्षात आलं. पाच कामाचे दिवस नोंद ठेवा. आठवडा शांत गेला आणि एकही चूक सापडली नाही, तर तसंच लिहा.

मग वेळेचा हिशेब करा, पण दोन्ही बाजूंनी. समजा रोज 25 मिनिटं जातात. महिन्याचे 22 कामाचे दिवस धरले तर 550 मिनिटं, म्हणजे साधारण 9 तास. सिंक बनवायला आणि तपासायला 24 तास लागतील असं धरा. त्यानंतर देखभालीला, म्हणजे "तपासा" टॅब बघायला आणि बारीकसारीक दुरुस्तीला, महिन्याला 2 तास. निव्वळ बचत महिन्याला 7 तास. बनवण्याचे 24 तास चौथ्या महिन्यात भरून निघतात.

देखभालीचे ते 2 तास बरेच जण प्रस्तावात लिहीतच नाहीत. "एकदा केलं की झालं" हे वाक्य अनुभवी मॅनेजरला पटत नाही, आणि एका वाक्यावर विश्वास उडाला की बाकीच्या आकड्यांवरचाही उडतो. आकडा लहान निघाला तरी खरा द्या.

खरं तर वेळेपेक्षा उशीर हा मुद्दा जास्त जड असतो. कॉपी सकाळी साडेनऊला होते. अकरा वाजता आलेली ऑर्डर पाठवणी टीमला दुसऱ्या दिवशी दिसते. नोंदवहीत "ऑर्डर कधी आली" आणि "एकत्रित शीटमध्ये कधी दिसली" अशा दोन वेळा चार-पाच ऑर्डरींपुरत्या लिहून ठेवल्यात, तर हा उशीर शब्दांत समजवावा लागत नाही.

एक मोह टाळा. कॉपी-पेस्टमुळे मोठमोठ्या संस्थांत काय गोंधळ झाले, याचे दाखले सहज मिळतात. 2012 मध्ये जेपी मॉर्गन बँकेला व्यवहारांत अब्जावधी डॉलरचा तोटा झाला. त्यातली जोखीम मोजणारं मॉडेल एका एक्सेल शीटमधून दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट करून चालवलं जात होतं, असं बँकेच्याच 2013 च्या अहवालात नोंदलं आहे. गोष्ट खरी आहे, पण तुमच्या प्रस्तावात तिचा उपयोग नाही. मॅनेजर म्हणेल, आपण बँक नाही. "मंगळवारी एक ऑर्डर दोनदा चिकटवली गेली आणि पाठवणी टीमने दुपारी फोन केला तेव्हा कळलं" ही तुमच्या नोंदवहीतली ओळ कितीतरी जास्त बोलते.

## 3. सिंक काय करेल आणि काय करणार नाही, ते ठरवा

आधी दिशा ठरवा. आपल्या उदाहरणात डेटा एकाच दिशेने जातो, टीमच्या शीटमधून एकत्रित शीटमध्ये. उलट काहीही जाणार नाही, हे वाक्य प्रस्तावात स्पष्ट लिहा. "सिंक" म्हटलं की पाठवणी टीमने केलेला बदलही टीमच्या शीटमध्ये दिसेल असं काही जण गृहीत धरतात. दोन्हीकडून बदल होऊ देणं फार अवघड प्रकरण आहे. एकाच ऑर्डरची संख्या दोघांनी बदलली तर कोणाची खरी मानायची, हा निर्णय स्क्रिप्टवर सोडता येत नाही. पहिल्या प्रस्तावात तिकडे वळूच नका.

मग ओळख. प्रत्येक ऑर्डरला न बदलणारा, एकमेव असा ऑर्डर क्रमांक हवा. ओळीचा क्रमांक चालत नाही, कारण मधे एक ओळ घुसवली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. तीन टीम तीन शीटमध्ये 1, 2, 3 असे क्रमांक देत असतील तर एकत्र आल्यावर ते एकमेकांवर आदळतील. प्रत्येक टीमच्या क्रमांकाआधी एक अक्षर लावलं तरी पुरतं.

इथे कोणीतरी हमखास विचारेल, "यासाठी स्क्रिप्ट कशाला? `IMPORTRANGE` लावा की." प्रश्न रास्त आहे. हे सूत्र दुसऱ्या फाइलमधला डेटा थेट आणून दाखवतं, आणि नुसता डेटा बघायचा असेल तर तोच मार्ग उत्तम. पण पाठवणी टीम शेजारच्या कॉलममध्ये शेरे लिहिते, आणि तिथे हा मार्ग घात करतो. सूत्राने आणलेल्या ओळी स्रोताबरोबर सरकतात, हाताने लिहिलेले शेरे मात्र जागच्या जागी राहतात. स्रोतात वर एक ओळ वाढली की सगळे शेरे एक ओळ चुकतात. "पाठवली" हा शेरा न पाठवलेल्या ऑर्डरसमोर जाऊन बसतो, आणि स्क्रीनवर कुठलीही एरर दिसत नाही. शेऱ्यांचे कॉलम असतील तर ऑर्डर क्रमांकावरून ओळ शोधून तीच अद्ययावत करणारी स्क्रिप्टच हवी. हे समजावून सांगायची तयारी ठेवा, कारण हा आक्षेप येतोच.

आता प्रत्येक प्रकारच्या बदलाला एकेक वाक्य लिहा. नवा क्रमांक दिसला तर खाली नवी ओळ. जुन्या क्रमांकाची माहिती बदलली तर ठरलेले कॉलम बदलायचे, शेऱ्यांच्या कॉलमला हात लावायचा नाही. स्रोतातून क्रमांक नाहीसा झाला तर एकत्रित शीटमधून ओळ पुसायची नाही, फक्त "स्रोतात नाही" अशी खूण करायची. सिंकला कधीही काहीही पुसू द्यायचं नाही, हा नियम प्रस्तावात असला की मॅनेजरची अर्धी भीती जाते.

वेळापत्रकाबद्दल जपून लिहा. स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी आपोआप सुरू करणाऱ्या सोयीला ट्रिगर म्हणतात, आणि अ‍ॅप्स स्क्रिप्टचा रोजचा ट्रिगर मिनिटाच्या ठोक्यावर चालत नाही. 9 ते 10 हा तास निवडला तर त्या तासात तो कधीही चालू शकतो. म्हणून "बरोबर नऊ वाजता" असं वचन देऊ नका. आपल्या उदाहरणात दर तासाला चालणारा ट्रिगर घेऊ आणि "ऑर्डर नोंदवल्यापासून दोन तासांच्या आत दिसेल" असं लिहू. हे वचन पाळता येतं.

## 4. बिघाड झाला तर कसा कळेल

प्रस्तावाचा हा भाग सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहा. हाताने कॉपी करताना चूक झाली तर सहसा एखाद-दुसरी ओळ चुकते. आपोआप चालणारी गोष्ट बिघडली तर शेकडो ओळी चुकतात किंवा गळतात, आणि शीट वरून अगदी नीटनेटकी दिसत राहते.

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन आकड्यांतून कोविडचे 15,841 रुग्ण गळाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली एक्सेलच्या जुन्या `.xls` प्रकारात आपोआप उतरवल्या जात होत्या, आणि त्या प्रकारात एका शीटमध्ये 65,536 ओळींपलीकडे जागाच नसते. उरलेल्या ओळी तशाच सुटत गेल्या. तुमच्या पातळीवर याचं छोटं रूप असं: एक्सेलवाले अशा कामासाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट वापरतात, आणि त्यात एक्सेल टेबलच्या ओळी वाचणारी क्रिया मुळात फक्त 256 ओळी आणते. पेजिनेशन, म्हणजे पुढच्या ओळी टप्प्याटप्प्याने आणण्याची सेटिंग, सुरू केलं नाही तर पुढच्या ओळी येत नाहीत आणि फ्लो मात्र "यशस्वी" दाखवतो. वीस ओळींच्या नमुन्यावर चाचणी केली तर हे कधीच उघडकीस येत नाही. म्हणून चाचणी नेहमी पूर्ण आकाराच्या प्रतीवर करा.

प्रस्तावात तीन गोष्टींचं वचन द्या.

पहिली, नोंद. सिंक प्रत्येक वेळी चाललं की "नोंद" टॅबमध्ये एक ओळ लिहील: वेळ, किती ओळी वाचल्या, किती नव्या, किती बदललेल्या, किती "तपासा" मध्ये गेल्या. काहीच बदल नसला तरी ओळ लिहायचीच. ओळ नसणं याचा अर्थ मग एकच उरतो, सिंक चाललंच नाही.

दुसरी, ताजेपणा दाखवणारा सेल. स्क्रिप्ट बंद पडली तर "मी बंद पडले" असा ईमेल ती स्वतः पाठवू शकत नाही. ट्रिगर अयशस्वी झाल्याची सूचना गुगलकडून येते, पण ती ज्याने ट्रिगर बनवला त्याच्या ईमेलवर जाते. तो रजेवर असेल तर कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून खूण तिथे हवी जिथे पाठवणी टीम रोज बघते, म्हणजे एकत्रित शीटच्या सर्वांत वरच्या ओळीत. स्क्रिप्टने शेवटी यशस्वी झाल्याची वेळ `B1` मध्ये लिहायची आणि शेजारी हे सूत्र ठेवायचं:

```
=IF(NOW()-$B$1>2/24,"डेटा जुना आहे","ठीक")
```

दोन तासांत सिंक झालं नाही तर शब्द बदलतो. कंडिशनल फॉरमॅटिंगने तो लाल करा. एक खाच लक्षात ठेवा: `NOW()` सहसा शीटमध्ये काही बदल झाला तरच नव्याने मोजलं जातं. `File > Settings > Calculation` मध्ये जाऊन दर मिनिटाला किंवा दर तासाला मोजणारा पर्याय निवडला नाही, तर सिंक बंद पडूनही सेल "ठीक" म्हणत राहील.

तिसरी, ब्रेक. कशानेही शंका आली तर सिंकने काहीच न लिहिता थांबायचं. मागच्या वेळी 640 ओळी वाचल्या होत्या आणि या वेळी 210 आल्या, तर कोणीतरी टॅब हलवलाय किंवा ओळी पुसल्यात असं धरायचं. कॉलम क्रमांकाने नाही तर शीर्षकाने शोधायचे, आणि "संख्या" हे शीर्षक सापडलं नाही तर थांबायचं. जुना पण बरोबर डेटा ताज्या पण चुकीच्या डेटापेक्षा बरा. हा प्राधान्यक्रम मॅनेजरला मान्य आहे का, ते प्रस्तावात विचारा. काही कामांत उत्तर उलटही असू शकतं आणि तो निर्णय त्यांचा आहे.

याच भागात मालकी लिहा. अ‍ॅप्स स्क्रिप्टचा ट्रिगर बनवणाऱ्याच्या खात्यावर आणि त्याच्याच परवानग्यांवर चालतो. तुम्ही नोकरी सोडली आणि खातं बंद झालं की सिंकही थांबलं. म्हणून वैयक्तिक खात्यावर कायमचं चालवू नका. टीमचं सामायिक खातं मागा आणि ते मागणं प्रस्तावात वेगळ्या ओळीत ठेवा. दुसऱ्या माणसाचं नावही तिथेच लिहा, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत कोण बघेल ते. ते नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा.

## 5. समांतर चाचणीची योजना जोडा

मॅनेजरकडे "बदल करू द्या" अशी परवानगी मागू नका. "दोन आठवडे शेजारी चालवून बघू द्या" अशी मागा. या काळात सहकारी नेहमीप्रमाणे हाताने कॉपी करते आणि पाठवणी टीम तीच शीट वापरते. सिंक वेगळ्या फाइलमध्ये चालतं. रोजच्या कामाला धक्का लागत नाही, त्यामुळे होकार मिळणं सोपं जातं.

रोज हाताची कॉपी पूर्ण झाल्यावर दोन्हींची तुलना करा. "तुलना" टॅबच्या `A` कॉलममध्ये हाताच्या शीटमधले ऑर्डर क्रमांक आणि `B` मध्ये सिंकचे ठेवा. मग:

```
=FILTER(A2:A, A2:A<>"", ISNA(MATCH(A2:A, B2:B, 0)))
```

हाताच्या शीटमध्ये आहेत पण सिंकमध्ये नाहीत, असे क्रमांक हे सूत्र दाखवतं. एकही नसेल तर `#N/A` येतं, ती चांगली बातमी आहे. `A` आणि `B` ची अदलाबदल करून उलट बाजूही बघा. `MATCH` नेमकी जुळणी बघत असल्याने आणखी एक चूक पकडली जाते: एका बाजूला क्रमांक "00451" असा मजकूर आणि दुसऱ्या बाजूला 451 हा आकडा झाला असेल, तर दोन्ही वेगळे ठरतात. पुढचं शून्य गळणं हा शीटमधला फार जुना त्रास आहे. क्रमांक जुळले की क्रमांक, संख्या आणि स्थिती `&` ने एकत्र जोडून तीच तुलना पुन्हा करा.

फरक निघतील. प्रत्येक फरकाचं कारण लिहा. काही ठिकाणी सिंकचा नियम अपुरा असेल, काही ठिकाणी हाताची कॉपी चुकलेली असेल, आणि काही फरक नुसते वेळेचे असतील, म्हणजे कॉपीनंतर आलेली ऑर्डर सिंकने आधीच उचललेली. कोणाचं चुकलं हे मोजत बसू नका, फक्त कारण नोंदवा.

चाचणी कधी पूर्ण झाली, हे आधीच ठरवून लिहा. मी सुचवेन ते असं: सलग पाच कामाचे दिवस कारण न कळलेला एकही फरक नाही, आणि मधे एक महिनाअखेर येऊन गेलेली. महिनाअखेरीला लोक शीटमध्ये ज्या गोष्टी करतात, उदाहरणार्थ बेरजेची ओळ टाकणं किंवा जुना टॅब हलवून नवा उघडणं, त्या इतर दिवशी दिसत नाहीत. दोन आठवड्यांत महिनाअखेर येत नसेल तर सुरुवातीची तारीख सरकवा.

माघारीचा रस्ता दोन ओळींत लिहा: `Triggers` पानावर जाऊन ट्रिगर काढायचा आणि त्या दिवसापासून पूर्वीसारखी कॉपी सुरू करायची. पूर्वीसारखी म्हणजे कशी, ते पहिल्या पायरीत लिहून झालेलंच आहे.

## 6. एका पानाचा प्रस्ताव

आता लिहायला बसा. मजकूर एका पानात बसवा, बाकीचं सगळं सोबत जोडा. नमुना असा:

> विषय: एकत्रित ऑर्डर शीट आपोआप भरण्याची दोन आठवड्यांची चाचणी
>
> मॅडम,
>
> तीन टीमच्या ऑर्डर रोज सकाळी हाताने एकत्रित शीटमध्ये घेतल्या जातात. गेल्या आठवड्याच्या नोंदीनुसार याला रोज सरासरी 25 मिनिटं लागतात, आणि कॉपीनंतर आलेली ऑर्डर पाठवणी टीमला दुसऱ्या दिवशी दिसते. नोंद सोबत जोडली आहे.
>
> काय करू इच्छितो: दर तासाला नव्या आणि बदललेल्या ऑर्डर आपोआप एकत्रित शीटमध्ये येतील. डेटा एकाच दिशेने जाईल. कोणतीही ओळ पुसली जाणार नाही. पाठवणी टीमच्या शेऱ्यांना हात लागणार नाही. नेहमीपेक्षा वेगळ्या वाटणाऱ्या ऑर्डर माणसाने तपासण्यासाठी बाजूला ठेवल्या जातील.
>
> बिघाड झाल्यास: शीटच्या वर "डेटा जुना आहे" असं लाल अक्षरात दिसेल. वाचलेल्या ओळी अचानक कमी झाल्या किंवा कॉलम बदलला तर सिंक काहीही न लिहिता थांबेल. मी नसताना कोण बघेल, ते सोबतच्या कागदात आहे. त्यांची संमती घेतली आहे.
>
> खर्च: बनवणं आणि तपासणं 24 तास, त्यानंतर देखभाल महिन्याला 2 तास. निव्वळ बचत महिन्याला सुमारे 7 तास.
>
> आपल्याकडून हवं आहे: (1) दोन आठवडे समांतर चाचणीची परवानगी, (2) एक सामायिक खातं, (3) तिन्ही टीमना "स्थिती" कॉलम आणि ऑर्डर क्रमांकाची पद्धत पाळण्याची सूचना.
>
> चाचणी संपल्यावर फरकांची यादी आपल्यासमोर ठेवू. हाताची कॉपी थांबवायची की नाही, हे तेव्हा ठरवावं.

खाली दोन नावं, तुमचं आणि कॉपी करणाऱ्या सहकारीचं.

यात स्क्रिप्ट, ट्रिगर, कोड यातला एकही शब्द नाही, हे लक्षात आलं असेल. ते जोडपत्रात ठेवा. तिसरी मागणी मात्र अजिबात गाळू नका. इतर टीमच्या लोकांना शीटची रचना बदलायला तुम्ही सांगू शकत नाही, मॅनेजर सांगू शकतात. ती सूचना गेली नाही तर सिंक दर आठवड्याला कुठेतरी अडेल आणि दोष तुमच्या स्क्रिप्टवर येईल.

## 7. बोलायला जाण्याआधी

आयटी विभागाला आधी विचारून ठेवा. स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवताना ती फाइली वाचण्या-लिहिण्याची परवानगी मागते, आणि काही कार्यालयांत ही परवानगी बंद केलेली असते. शीटमध्ये ग्राहकांचे फोन नंबर किंवा पत्ते असतील तर पाठवणीला खरंच लागतात तेवढेच कॉलम सिंकमध्ये घ्या.

"उद्यापासून थेट सुरू करा, चाचणी कशाला" असं मॅनेजर उत्साहाने म्हणाले, तरी चाचणी सोडू नका. पहिल्या आठवड्यात निघालेला फरक चाचणीत असेल तर ती दुरुस्ती असते, चालू कामात असेल तर तक्रार होते.

आणि "सध्या नको" असं उत्तर आलं, तर कोणता प्रश्न सुटला नाही ते तिथेच विचारून घ्या. तोपर्यंत ऑर्डर क्रमांक, "स्थिती" ची ड्रॉपडाउन आणि तिन्ही शीटची सारखी लोकेल सेटिंग एवढे बदल करायची परवानगी मागा. यांना स्क्रिप्ट लागत नाही, खर्च नाही, आणि हाताने कॉपी करणाऱ्या सहकारीचं काम त्याच आठवड्यात हलकं होतं. पुढच्या वेळी प्रस्ताव घेऊन जाल तेव्हा पहिल्या पायरीतल्या यादीतल्या "स्रोतातच बदल हवा" अशी खूण असलेल्या बऱ्याच ओळी आधीच निकाली निघालेल्या असतील.